मेथीची जुडी आणि मोबाइलचा रिचार्ज

बाजाराचे प्रकार शिकवणाऱ्या स्लाइडवर बहुधा एक तक्ता असतो: पूर्ण स्पर्धेत विक्रेते असंख्य, मक्तेदारीत एकच, अल्पाधिकारात मोजके. विद्यार्थी डोकी मोजायला शिकतात आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. भाजी मंडईतही भाव जवळपास सारखे आणि मोबाइल कंपन्यांचे दरही जवळपास सारखे, मग फरक कशात?

समजा, मंडईत मेथीची जुडी सगळीकडे वीस रुपयांना आहे. एकीने पंचवीस सांगितले, तर गिऱ्हाईक दोन पावलांवरच्या गाळ्यावर जातं. माल सारखा आणि भाव सगळ्यांना माहीत, त्यामुळे तिला भाव ठरवता येत नाही, चालू भाव घ्यावा लागतो. घाऊक बाजारातून पंधराला आणलेली जुडी ती फार खाली उतरवूनही विकू शकत नाही. फायदा वाढला, तर उद्या पहाटे नवी हातगाडी उभी राहते. (खरी मंडई पुस्तकातल्या पूर्ण स्पर्धेच्या जवळ जाते, ताजेपणा, उधारी आणि ओळख यांमुळे तिथवर पोचत मात्र नाही.)

आता मोबाइल. 2024 च्या 27 जूनला जिओने दरवाढ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानेही केली. जिओचा रोज दीड जीबीचा, 28 दिवसांचा 239 रुपयांचा प्लॅन 299 चा झाला. यातलं गणित बघा. शंभर ग्राहक 239 ला म्हणजे 23,900 रुपये. 299 दराने ऐंशीच उरले तरी 23,920. टॉवर आणि स्पेक्ट्रमचा खर्च आधीच झालेला असतो, एक ग्राहक वाढला वा घटला तरी तो फारसा हलत नाही. म्हणजे पाचातला एक ग्राहक गेला तरी कंपनीचं काही बिघडत नाही. पण बाकीच्यांनी दर वाढवले नाहीत, तर पाचात दोन-तीनही जातील. म्हणून दर वाढवणाऱ्याला आधी अंदाज बांधावा लागतो: दुसरे काय करतील? अल्पाधिकार म्हणतात तो हाच. मंडईत कोणी शेजारणीच्या डावपेचांचा अंदाज बांधत बसत नाही, कारण एकटीने भाव बदलून बाजार हलतच नाही.

मक्तेदारीत हा अंदाज बांधायचीही गरज नसते. 2002 पर्यंत परदेशी फोनसेवा एकट्या व्हीएसएनएलच्या हाती होती. महाग वाटलं तर ग्राहकाने बोलणंच आवरतं घ्यायचं.

दर एकदम वाढले की 'यांनी बंद खोलीत ठरवलं' असे मेसेज फिरतात. पण एकाचा जाहीर दर पाहून दुसऱ्याने तोच मार्ग धरणं आणि आधी संगनमत करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दर सारखे आहेत एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. स्पर्धा कायद्यानुसार करार किंवा आपसातला समझोता दाखवावा लागतो: बैठका, ईमेल, किंवा खर्च वेगवेगळे असूनही दुसऱ्या कशानेच उलगडत नाही असं वागणं.