फुटलेल्या स्क्रीनचा क्लेम: फोनचं बिल वेगळं, दुरुस्तीचं एस्टिमेट वेगळं

फोनच्या प्रोटेक्शन प्लॅनमधून दुरुस्तीचे पैसे मागताना क्लेमच्या फॉर्मवर ‘इन्व्हॉइस’ आणि ‘एस्टिमेट’ असे अपलोडचे दोन रकाने असतात. दोन्ही कागदांवर दुकानाचं नाव, रक्कम आणि जीएसटी असल्यामुळे ते एकाच्या जागी दुसरे चढवले जातात. खरं तर इन्व्हॉइस सांगतं की फोन तुमचाच आहे, कधी आणि केवढ्याला घेतला. एस्टिमेट सांगतं की काय फुटलंय आणि ते नीट करायला किती लागतील. पहिला कागद प्लॅन लागू आहे का हे ठरवतो, दुसरा किती पैसे मंजूर होतील हे.

इन्व्हॉइसमध्ये सगळ्यात महत्त्वाचा असतो १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक. ड्युअल सिम फोनला असे दोन आकडे असतात आणि बिलावर बहुधा एकच छापलेला असतो. तो दोहोंपैकी कुठलाही असला तरी हरकत नाही. फोनवर *#06# दाबून दोन्ही आकडे बघा आणि बिलावरचा त्यांपैकी एकाशी जुळतो ना, ते तपासा. टच मेला असेल तर खोक्यावरच्या स्टिकरवर आयएमईआय सापडतो, काही मॉडेलांत सिम ट्रेवरही असतो. आकडा जुळत नसेल, तर फोनचा मदरबोर्ड आधी कधी बदलला होता का, ते आठवा. डिस्प्ले बदलल्यानं आयएमईआय बदलत नाही, बोर्ड बदलल्यानं बदलतो. तसं झालं असेल तर त्या दुरुस्तीचा सर्व्हिस सेंटरचा कागद बिलासोबत जोडावा लागतो. तो नसेल तर क्लेम तपासणाऱ्याच्या दृष्टीनं हा दुसराच फोन ठरतो.

ऑनलाइन खरेदीत आणखी एक गफलत होते. फोनचं बिल विक्रेत्याचं असतं आणि प्रोटेक्शन प्लॅनचं वेगळं. घाईत प्लॅनचंच बिल चढवलं जातं. त्यावर फोनचा आयएमईआय बहुधा नसतो, म्हणून क्लेम परत येतो. ऑर्डर कन्फर्मेशनचा मेल किंवा डिलिव्हरी चलनही चालत नाही. टॅक्स इन्व्हॉइसच हवं, त्यावर विक्रेत्याचा जीएसटी नंबर असतो. बिल भावाच्या नावावर आणि प्लॅन तुमच्या नावावर असेल, तर काय चालेल ते प्लॅनच्या अटींत आधीच बघून ठेवा.

आता एस्टिमेट. सर्व्हिस सेंटरमध्ये फोन देताना मिळते ती जॉब शीट, एस्टिमेट नव्हे. जॉब शीटवर फोनची अवस्था लिहिलेली असते, पण किमती असतीलच असं नाही. ती सही करण्याआधी वाचा. ‘फ्रेम वाकलेली’ किंवा ‘पाणी गेल्याच्या खुणा’ असं त्यात असेल आणि तुम्ही फॉर्मवर फक्त ‘टेबलावरून पडला’ लिहिलं असेल, तर चौकशी तिथूनच सुरू होते.

चांगल्या एस्टिमेटवर आयएमईआय, तारीख, सेंटरचा शिक्का आणि प्रत्येक पार्टची वेगळी किंमत असते. ‘स्क्रीन रिपेअर ७,०००’ अशी एकाच ओळीतली चिठ्ठी बहुतेकदा नाकारली जाते. गल्लीतलं दुकान फक्त वरची काच बदलून देतं किंवा कॉपी फोल्डर, म्हणजे कंपनीचा नसलेला डिस्प्ले, टाकतं. ते स्वस्त पडतं, पण बहुतेक प्लॅन अधिकृत सेंटरमधली कंपनीची डिस्प्ले असेंब्लीच धरतात.

एक हिशेब बघा. समजा, २४,००० रुपयांच्या फोनचं एस्टिमेट असं आलं: डिस्प्ले असेंब्ली ७,२००, बॅटरी १,८००, मजुरी ६००. बेरीज ९,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,७२८, एकूण ११,३२८. बॅटरी जुनी झाली म्हणून सेंटरनं सुचवली, पडल्यामुळे ती बिघडली नाही. म्हणून बॅटरीचे जीएसटीसह २,१२४ रुपये वजा होतात आणि उरतात ९,२०४. प्लॅनमध्ये दर क्लेमला ५०० रुपये ग्राहकानं भरायचे असतील, तर मंजुरी ८,७०४ ची. ग्राहकाच्या खिशातून जातात २,६२४. डिस्प्ले आणि बॅटरी एकाच ओळीत लिहिली असती, तर नेमकं काय वजा करायचं यावरच क्लेम अडकला असता.

इथे इन्व्हॉइसमधली किंमतही मध्ये येते. अनेक प्लॅन फोनच्या वयानुसार घसारा धरतात, म्हणजे २४,००० चा फोन काही महिन्यांनी १८,००० चा मोजला जातो. एस्टिमेट त्या आकड्याच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे गेलं, तर दुरुस्तीऐवजी फोन ‘दुरुस्त करणं परवडत नाही’ या खात्यात जातो आणि हिशेबच बदलतो. हे टक्के प्रत्येक प्लॅनचे वेगळे असतात.

क्रम मात्र चुकवू नका: आधी क्लेम नोंदवा, एस्टिमेट द्या, लेखी मंजुरी येऊ द्या, मगच दुरुस्ती. आधी स्क्रीन बदलून नंतर बिल पाठवलं, तर तुटलेला डिस्प्ले तपासायला कुणाकडेच उरत नाही. पैसे नंतर परत मिळणाऱ्या प्लॅनमध्ये शेवटी दुरुस्तीचं बिलही लागतं. ते एस्टिमेटपेक्षा जास्तीचं निघालं तर वाढीव रकमेला पुन्हा मंजुरी घ्यावी लागते, आणि ती फोन सेंटरमधून उचलण्याआधीच घ्यायची.