चिंगम, लोकर आणि उणे पंधरा अंश

कच्चा चिकू खाल्लाय कधी? ओठ एकमेकांना चिकटतात आणि पाण्याने कितीही धुतले तरी चीक जात नाही. पूर्वी च्युइंगगम याच झाडाच्या चिकापासून बनायचं, मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलांतून तो गोळा करून. आता बहुतेक चिंगममध्ये कारखान्यात तयार झालेली रबरं आणि रेझिनं असतात. पण स्वभाव तोच: पाण्याला दाद न देणारा. चघळताना साखर आणि स्वाद लाळेत विरघळून जातात आणि तोंडात उरतो तो फक्त हा डिंकासारखा गाभा. गालिच्यावर पडतो तोही तेवढाच.

आमच्या गालिच्यावर तो भाचीच्या कृपेने पडला. गालिचा भदोहीचा, हाताने गाठी मारलेला, लोकरीचा, साधारण बोटाच्या पेराच्या निम्म्या उंचीचे केस असलेला. चिंगम पाच रुपयांच्या नाण्याएवढं, वरून कुणाचा तरी पाय पडलेला. बहिणीने आधी नखाने ओढून पाहिलं होतं. त्यामुळे मधल्या गोळ्यातून चार-पाच तारा बाहेर निघून शेजारच्या केसांना गुंडाळल्या होत्या. हा सगळ्यात वाईट पहिला उपाय, आणि सगळे तोच करतात.

ओढून का निघत नाही, हे कळलं की पुढचं सोपं होतं. कोमट असताना चिंगम घन आणि द्रव यांच्या मधलं काहीतरी असतं. हळू ओढलं तर ते वाहतं, लांबतं, तार धरतं. चिकटण्यासाठी पदार्थ इतका मऊ लागतो की समोरच्या पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत तो आपोआप शिरेल. 3एम कंपनीतले कार्ल डालक्विस्ट यांनी चिकटपट्ट्यांवर काम करताना या मऊपणाची एक हद्द सांगितली होती: पदार्थ त्याहून कडक झाला की चिकटणं बंद. लोकरीच्या केसावर खवल्यांसारखी साल असते, तिच्यात शिरायला चिंगमला मऊपणा हवाच. तो काढून घेण्याचं काम थंडी करते. बर्फ चिंगम विरघळवत नाही की सोडवत नाही, फक्त त्याचं वाहणं थांबवतो.

थंडीत दोन गोष्टी एकापाठोपाठ होतात. आधी चिकटपणा जातो आणि चिंगम चामड्यासारखं चिवट होतं. त्याहून खाली गेलं की ते ठिसूळ होतं, खडीसाखरेसारखं तुटायला लागतं. आपल्याला ही दुसरी अवस्था हवी असते, आणि बहुतेकांची गाडी पहिलीवरच अडते. माझीही अडली. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घालून वीस मिनिटं ठेवले. चमच्याच्या दांड्याने उचलायला गेलो, तर कडा उचलली गेली पण तुटेना, वाकून परत बसली. कारण साधं आहे: वितळणारा बर्फ शून्य अंशावरच राहतो, कितीही वेळ ठेवा. काही ब्रँडना तेवढं पुरतं, आमच्या चिंगमला पुरलं नाही.

मग लहानपणीचा आइस्क्रीमचा पॉट आठवला. बर्फात जाडं मीठ घालून तो फिरवायचो ना? मीठ बर्फाला शून्याखाली वितळायला लावतं आणि त्या वितळण्याला लागणारी उष्णता आजूबाजूच्या वस्तूंतून ओढली जाते. नीट प्रमाण जमलं तर हे मिश्रण उणे एकवीसपर्यंत उतरू शकतं. घरात उणे पंधरा मिळालं तरी भरपूर. तीन वाट्या बारीक फोडलेला बर्फ, एक वाटी जाडं मीठ, झिपची पिशवी, आणि तिच्यावर दुसरी झिपची पिशवी. दोन पिशव्या घेण्याचा कंटाळा करू नका. खारं पाणी लोकरीत झिरपलं तर खालच्या सुती ताण्यापर्यंत जातं, वाळताना तपकिरी डाग वर आणतं आणि कच्चा रंग असेल तर तोही पसरवतं. पिशवीला बाहेरून सुटणारा घामही अधूनमधून पुसायचा. आणि ती उघड्या हाताने दाबून धरायची नाही, कातडी भाजल्यासारखी होते. वर जाड फडकं घालून एक जड डबा ठेवला की झालं.

किती वेळ? तीन मिलिमीटर जाडीचा गोळा थेट थंडीला टेकला तर दोन-तीन मिनिटांत आरपार गार होईल. अडचण लोकरीची आहे. तिच्यात अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, म्हणून तर आपण तिचे स्वेटर घालतो. केसांच्या मुळाशी रुतलेला भाग त्यामुळे उशिरा गार होतो. मी दहा मिनिटं ठेवली.

पिशवी उचलल्यावरची घाई मात्र खरी. वरची पातळ कड मिनिटभरात पुन्हा लवचिक होते, पुण्याच्या मे महिन्यात त्याहूनही लवकर. म्हणून चमचा आणि व्हॅक्यूम क्लीनर आधीच हाताशी ठेवायचे. आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. असे पदार्थ तापमानाइतकेच वेगालाही प्रतिसाद देतात: झटका जितका जलद, तितके ते जास्त कडक वागतात. म्हणजे हळू रेटण्यापेक्षा टकटक मारलेले छोटे ठोके बरे, जणू आणखी काही अंश थंडी फुकटात मिळाली. चमच्याची पाठ, बेताच्या जोराने, सात-आठ वेळा. लोकरीचा केस या ठोक्याने तुटत नाही, वाकून पुन्हा उभा राहतो. चिंगमला वाकता येत नाही, म्हणून तडा त्याच्यात जातो. आवाजावरूनही कळतं: मऊ असताना धप्प, ठिसूळ झाल्यावर टक्.

पहिल्या फेरीत मधला गोळा पाच-सहा तुकड्यांत निघाला. तुकडे लगेच व्हॅक्यूमने ओढले, कारण गार तुकडा गरम झाला की दुसरीकडे चिकटतो. बोथट चमचा कडेकडून मध्याकडे, केसांच्या दिशेने. दुसऱ्या फेरीत तारा गेल्या. तिसरी फेरी फार काही हाती लागू न देता संपली.

काम झालं का, हे गार असताना तपासू नये, तेव्हा सगळंच स्वच्छ वाटतं. तासाभराने टिश्यू पेपर दाबून उचलायचा. त्याचे कण केसांना धरून राहिले तर अजून पातळ थर आहे. आमच्याकडे नखाएवढ्या जागेत होता. थंडीची हद्द इथे येते: पायाखाली दाबला जाऊन खवल्यांत शिरलेला थर इतका पातळ असतो की ठोका बसायला त्याच्यात जागाच उरत नाही.

तिथे मी पांढऱ्या कापडाच्या टोकावर जरासं पांढरं टर्पेंटाइन घेऊन फक्त केसांची टोकं टिपली. त्याआधी कोपऱ्यात रंग सुटतो का ते पाहिलं, आणि खिडक्या उघडून, देवघरातला दिवा विझवूनच बाटली उघडली. गालिचा उलटून मागे गाठी दिसतात याची खात्री केली होती. मागे कापड डकवलेलं असेल तर तो टफ्टेड गालिचा, त्याचे केस रबरी लॅटेक्सने धरलेले असतात. टर्पेंटाइन चिंगमसोबत ते लॅटेक्सही मऊ करतं आणि केसांचे झुपके सुटतात. अशा गालिच्यात मी कात्रीने टोकं मिलिमीटरभर कापली असती आणि विषय सोडला असता.

बहिणीचा दुसरा प्रस्ताव इस्त्रीचा होता. तो मी हाणून पाडला.