अनिश्चितता-विधानासह कॅलिब्रेशन प्रमाणपत्राचे थाई भाषांतर

मोजमापाच्या उपकरणासोबत येणाऱ्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राचा मजकूर थाई भाषेत आणताना त्यातील मोजलेली मूल्ये, विस्तारित अनिश्चितता (चिन्ह U) आणि मूळ अनिश्चिततेला ज्याने गुणून ती मिळते तो व्याप्तिगुणक (चिन्ह k, कारखान्यांत रूढ शब्द कव्हरेज फॅक्टर) जशीच्या तशी ठेवण्याची पद्धत. थायलंडमध्ये प्रमाणपत्राला बाइ रपरोंग कान सोप थियप म्हणतात. तिथल्या प्रयोगशाळा अनेकदा प्रमाणपत्र इंग्रजीतच देतात. त्यामुळे भाषांतराची गरज मुख्यतः दोन ठिकाणी पडते: परदेशातून, विशेषतः युरोपातून, उपकरणासोबत आलेले कागद, आणि कारखान्यातील थाई वाचणाऱ्या तपासनिसांसाठी काढलेल्या प्रती.

पार्श्वभूमी. सियाम १९१२ साली मीटर करारात सामील झाला. आजची राष्ट्रीय मापनसंस्था मात्र १९९७ च्या (बौद्ध संवत २५४०) मापनव्यवस्था विकास कायद्यातून उभी राहिली. अनिश्चिततेची थाई परिभाषा बरीचशी या कायद्यानंतरच्या काळात स्थिरावली असे मानणे सयुक्तिक दिसते, कारण ज्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेवर ती बेतलेली आहे ती स्वतःच १९९३ ची आहे (दुरुस्त आवृत्ती १९९५, पुनर्मुद्रण २००८). आज अनिश्चिततेला ख्वाम माय नॅनोन आणि व्याप्तिगुणकाला तुआ प्रकॉप ख्रॉप्ख्लुम हे शब्द सर्रास आढळतात.

मोजलेल्या मूल्याभोवती U एवढ्या पट्ट्यात खरे मूल्य असण्याची शक्यता प्रमाणपत्रात सहसा सुमारे ९५ टक्के अशी लिहिलेली असते. वाद आहे तो या '९५ टक्के' आकड्याच्या नावावर. १९९३ च्या मार्गदर्शिकेने संख्याशास्त्रातील विश्वासपातळी आणि मापनातील व्याप्ती-संभाव्यता यांत मुद्दाम फरक केला. अनिश्चिततेचे सर्व घटक पुनरावृत्त निरीक्षणांच्या सांख्यिकीतून आलेले असतील, तरच विश्वासपातळी हा शब्द काटेकोरपणे लागू होतो, असे तिचे म्हणणे आहे. व्यवहारात बहुतेक घटक जुन्या प्रमाणपत्रांतून, उत्पादकाच्या माहितीतून किंवा अनुभवातून घेतलेले असतात. आंतरराष्ट्रीय मापन-शब्दकोशानेही व्याप्ती-अंतराळाला विश्वास-अंतराळ म्हणू नये, अशी टीप दिली आहे. थाई प्रमाणपत्रांत मात्र 'रदप ख्वाम छुअमन', म्हणजे विश्वासपातळी, हाच शब्द घट्ट बसला आहे. काही भाषांतरकार मूळ शब्दाला धरून 'संभाव्यता' हा पर्याय देतात, काही रूढीला धरतात. मूळ कागदात जो शब्द आहे त्याचाच प्रतिशब्द द्यावा, ही भूमिका अधिक सुरक्षित वाटते, कारण शब्दाची दुरुस्ती हे प्रयोगशाळेचे काम आहे. 'सुमारे ९५ टक्के' यातला 'सुमारे' हा शब्दही गाळता येत नाही. थाईत त्याला 'प्रमान' म्हणतात. शब्द आपल्या 'प्रमाण'चाच, पण तिकडे त्याचा अर्थ 'अंदाजे' असा होतो.

विधानाचा साचा आणि त्याचा धोका. युरोपीय मान्यता-संस्थांच्या सहकार्य संघटनेच्या ईए-४/०२ या मार्गदर्शिकेत ठरीव विधान दिलेले आहे: प्रमाण अनिश्चिततेला k = 2 ने गुणून U मिळाली आहे, आणि सामान्य वितरणासाठी ती सुमारे ९५ टक्के व्याप्तीशी जुळते. बहुसंख्य प्रमाणपत्रांत हेच वाक्य असल्याने भाषांतरकार त्याचा थाई साचा करून ठेवतात. भाषांतरस्मृतीचे सॉफ्टवेअर तर जवळपास जुळणारे वाक्य दिसले की जुने भाषांतर आपणहून पुढे करते. k दोनपेक्षा वेगळा असलेल्या प्रमाणपत्रात चूक शिरते ती इथे.

त्याच मार्गदर्शिकेतील व्हर्नियर कॅलिपरचे उदाहरण घेऊ. १५० मिमीच्या गेज ब्लॉकवर कॅलिपर १५०.१० मिमी दाखवतो, म्हणून दर्शन-त्रुटी आणि तिची अनिश्चितता, दशांशाला स्वल्पविराम देण्याच्या युरोपीय पद्धतीने, अशी लिहिलेली आहे: (0,10 ± 0,06) mm. सोबतच्या विधानात k = 1,83 आहे आणि वितरण समलंबाकृती असल्याचे सांगितले आहे. कारण असे की या कॅलिपरच्या अनिश्चिततेत दोनच घटक वरचढ आहेत, व्हर्नियरची वाचनक्षमता आणि जबड्यांचे यांत्रिक दोष. दोन्ही आयताकृती वितरणाचे आहेत आणि दोन असमान आयतांची बेरीज समलंब देते. समलंबाला सामान्य वितरणासारखे लांब शेपूट नसते, म्हणून ९५ टक्के झाकायला दोनपेक्षा लहान गुणक पुरतो.

आता साच्यातले k = 2 आणि 'सामान्य वितरण' इथे चिकटले तर काय होते ते पाहावे. आकडा 0,06 तसाच राहतो, त्यामुळे वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही. पण हा कॅलिपर वापरून पुढची अनिश्चितता काढणारा अभियंता U ला k ने भागून मूळ प्रमाण अनिश्चितता परत मिळवतो. खरी ०.०३३ मिमी आहे, त्याच्या हाती ०.०३० येते. चूक कमीच्या बाजूला आहे, म्हणजे तो आपले माप आहे त्याहून खात्रीचे समजतो. एखादा चोख भाषांतरकार k दोन करताना U सुद्धा 'जुळवून' 0,07 करतो, ती तर सरळ मूल्यबदलाची चूक ठरते. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. वाचनांची संख्या थोडी असली की प्रयोगशाळा टी-वितरण वापरते. प्रभावी स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे अंदाजामागे किती स्वतंत्र माहिती आहे त्याची संख्या, दहा असल्यास ९५.४५ टक्क्यांसाठी k = 2,28 येतो, आणि ती स्वातंत्र्यमात्राही विधानात लिहिलेली असते. ती गाळली तर 2,28 कुठून आला याचा पत्ता लागत नाही.

त्रुटी की दुरुस्ती. सर्व आकडे अचूक उतरूनही अर्थ उलटा होण्याची जागा म्हणजे तक्त्याचे शीर्षक. त्रुटी म्हणजे दाखवलेले वजा खरे. दुरुस्ती म्हणजे त्याचे चिन्ह पालटून, जी वाचनात मिळवायची असते. थाईत पहिलीसाठी ख्वाम ख्लात ख्लुअन आणि दुसरीसाठी खा कॅ असे शब्द आहेत. वरच्या कॅलिपरच्या स्तंभाला कोणी खा कॅ म्हटले तर वापरणारा १५०.१० मध्ये ०.१० मिळवून १५०.२० लिहील. त्रुटी जाण्याऐवजी दुप्पट होईल. जर्मन प्रमाणपत्रांतील 'विचलन' या अर्थाचा स्तंभ बहुधा पहिल्या प्रकारचा असतो, तरी खात्री शब्दावरून न करता तक्त्यातील एका ओळीची वजाबाकी करून घ्यावी.

दशांशचिन्ह. २००३ च्या वजनमापे महापरिषदेने दशांशासाठी बिंदू व स्वल्पविराम दोन्ही मान्य केले, आणि अंकगट पाडायला मोकळी जागा वापरावी, बिंदू किंवा स्वल्पविराम नको, असे म्हटले. थाई लेखनात दशांशाला बिंदू आणि हजाराला स्वल्पविराम चालतो. त्यामुळे जर्मन वजनमापाच्या कागदावरील 1,000 g थाई वाचकाला एक किलो वाटते, प्रत्यक्षात ते एक ग्रॅम आहे. स्वल्पविरामाचा बिंदू करणे हा मूल्यबदल नव्हे, लेखनबदल आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. तो 'शोधा व बदला' या आदेशाने मात्र करू नये. उलट आदेशाने बिंदूंचे स्वल्पविराम झाले तर 05.03.2024 ही तारीख आणि प्रमाणपत्र क्रमांक यांचीही वाट लागते. शेवटची शून्ये ठेवावीच लागतात: 0,060 चे 0.06 केले तर प्रयोगशाळेने दिलेला एक सार्थ अंक गेला. भारतीय प्रमाणपत्रात 1,00,000 Pa असे लाखाचे गट असतील तर थाई प्रतीत मोकळी जागा देणे हाच निर्धोक मार्ग.

चिन्हे. संगणकावर थाई लिपीची जुनी संकेतप्रणाली वापरणाऱ्या फायलींत एक विशिष्ट बिघाड वारंवार दिसतो. पश्चिमी संकेतप्रणालीत ज्या जागांवर °, ± आणि µ आहेत, त्याच जागांवर थाई प्रणालीत अनुक्रमे थो थान, थो मोन्थो आणि तो ताओ ही अक्षरे बसलेली आहेत.

```
B0  °
B1  ±
B5  µ
```

परिणामी 'अधिक-उणे'च्या जागी थो मोन्थो उमटते. या अक्षराचे नाव मंदोदरीवरून पडले आहे, हे वाचकाला गमतीचे वाटेल. हा बिघाड निदान डोळ्यांत भरतो. धोकादायक प्रकार दुसरा: µ हे चिन्ह 'सिम्बॉल' फाँटमधून घेतलेले असेल आणि फाँट बदलला, तर µm चे mm होते. अनिश्चितता हजारपट वाढते आणि वाक्य मात्र निर्दोष दिसते. तापमानाच्या प्रमाणपत्रात k हा गुणक आणि K हे केल्व्हिन शेजारी येतात. ओळीच्या सुरुवातीचे अक्षर आपोआप मोठे करणारी सोय आधीच बंद ठेवलेली बरी. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून आकडा व एकक यांच्यामध्ये न तुटणारी जागा टाकतात. नाहीतर 0.06 एका ओळीत आणि mm दुसऱ्या ओळीत जाते.

तारीख व अंक. थाई संवत्सर म्हणजे इसवी अधिक ५४३. २०२४ चे २५६७ होते. दोन्ही सने शेजारी द्यावीत. फक्त '67' लिहू नये. सरकारी कागदांत थाई अंक लिहिण्याची प्रथा असली तरी प्रमाणपत्राच्या तक्त्यांत ते टाळतात. थाई चार आणि पाच हे अंक एका बारीक खाचेने वेगळे होतात, आणि झेरॉक्स प्रतीत ती खाच बुजते.

दर्जा व तपासणी. आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकानुसार प्रमाणपत्रातील दुरुस्ती फक्त ते देणारी प्रयोगशाळा करू शकते. तिच्या संमतीशिवाय अंशतः प्रत काढू नये, असेही प्रमाणपत्रावर सहसा लिहिलेले असते. म्हणून भाषांतरावर मान्यता-संस्थेचे चिन्ह नव्याने छापत नाहीत, ते भाषांतर असल्याचे आणि मतभेदात मूळ ग्राह्य असल्याचे प्रत्येक पानावर लिहितात, आणि मूळ जोडतात. मूळातच चूक सापडली, उदाहरणार्थ तक्त्यात एक k आणि विधानात दुसरा, तर दोन्ही तसेच उतरवून तळटीप देतात आणि प्रयोगशाळेला कळवतात.

तपासणी दोघांनी करायची असते. एकजण मूळ कागदातला प्रत्येक आकडा चिन्ह, एकक आणि शून्यांसह मोठ्याने वाचतो, दुसरा थाई प्रतीत बोट ठेवतो. मग प्रत्येक तक्त्याची U त्याच्या विधानातील k ने भागून दोन्ही प्रतींत तेच उत्तर येते का ते पाहतात. कॅलिपरच्या उदाहरणात हे उत्तर ०.०३३ आहे, आणि साच्यातून आलेला दोन तिथे लगेच उघडा पडतो.