मृत्यूची बातमी आणि अवयवदानाचा प्रश्न यांच्यामधला वेळ

हृदय घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेसाठी रस्ते मोकळे केल्याची बातमी सर्वत्र झळकते. परंतु त्याआधी अतिदक्षता विभागाशेजारच्या खोलीत झालेले संभाषण बातमीत येत नाही. त्या संभाषणात विज्ञानाचा वाटा मोठा असतो, कारण समोरच्या नातेवाइकांनी नुकताच रुग्णाच्या छातीचा भाता हलताना पाहिलेला असतो.

डोक्याला जबर मार लागला की मेंदूला सूज येते. कवटी ताठर असल्यामुळे आतील दाब वाढतो आणि तो रक्तदाबाहून जास्त झाला की मेंदूत रक्त शिरतच नाही. श्वास चालवणारे केंद्र मेंदूच्या बुंध्यात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात असते. ते नष्ट झाले की श्वास कायमचा थांबतो. हृदयाची लय मात्र त्याच्याच भिंतीतील पेशींचा एक पुंजका ठरवतो, त्याला मेंदूची आज्ञा लागत नाही. म्हणून व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवतो तोवर ते काही काळ धडधडते आणि शरीर उबदार राहते. कधी हातही हलतो, पण ती हालचाल मेरुरज्जूची असते. ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर त्या एका हालचालीने डॉक्टरांवरचा सगळा विश्वास उडू शकतो.

निर्णायक ठरते ती श्वासचाचणी. व्हेंटिलेटर काढून बारीक नळीने केवळ प्राणवायू दिला जातो. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण 40 मिलिमीटर पाऱ्यावरून 60 वर चढू दिला जातो. इतका कार्बन डायऑक्साइड साठला की मस्तिष्कस्तंभ जराही शाबूत असल्यास श्वास घेतलाच जातो. त्या काही मिनिटांत छाती एकदाही उचलली गेली नाही, तर उत्तर स्पष्ट असते. भारतीय कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ मृत्यू प्रमाणित करते आणि किमान सहा तासांच्या अंतराने चाचण्या दुसऱ्यांदा केल्या जातात. जवळच्या एखाद्या नातेवाइकाला ही चाचणी पाहू दिली, तर पुढचे बरेच शब्द वाचतात, असे माझे मत आहे.

एक नमुना प्रसंग पाहू. दुचाकी अपघातातील चाळिशीच्या गृहस्थांची पहिली चाचणी सकाळी दहाला आणि दुसरी संध्याकाळी साडेचारला झाली. त्यानंतर डॉक्टर पत्नी, भाऊ आणि मामांना बसवून सांगतात, “त्यांचा मृत्यू झाला आहे. छाती हलताना दिसते आहे, कारण यंत्र आत हवा भरते आहे.” येथे “मेंदू मेला आहे, बाकी शरीर जिवंत आहे” असे म्हटले, तर पुढचा प्रश्न जिवंत माणसाचे अवयव मागितल्यासारखा वाटतो. “आता वाचण्याची शक्यता नाही” हेही चूक, कारण त्या वाक्यात मृत्यू अजून व्हायचा असतो.

एवढे सांगून थांबायचे. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मृत्यूची बातमी आणि अवयवदानाची विनंती वेगवेगळ्या वेळी केली तेव्हा संमतीचे प्रमाण, दोन्ही एकदम केली त्यापेक्षा सुमारे तिप्पट होते. पुढील काही अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे घड्याळ लावून अर्धा तास मोजण्यात अर्थ नाही. ऐकायचे असते ते नातेवाइकांचे बोलणे. “शुद्धीवर कधी येतील?” असा प्रश्न असेल तर मृत्यू उमगलेला नाही, आणि मग डॉक्टरांनी पुन्हा समजावायचे. “गावाला कधी नेता येईल?” हा प्रश्न आला, की प्रत्यारोपण समन्वयकाने बोलण्याची वेळ झाली.

समन्वयक म्हणते, “वहिनी, अशा वेळी कुटुंबाला अवयवदानाचा पर्याय असतो. हो किंवा नाही, दोन्ही तुमच्या हातात आहे. त्यांनी कधी याविषयी काही बोलून दाखवले होते का?” या प्रश्नाने निर्णयाचे केंद्र मृत व्यक्तीच्या इच्छेकडे सरकते. “कायद्याने विचारावे लागते म्हणून विचारते” अशी माफीवजा सुरुवात टाळावी. तिच्यामुळे विनंतीच गैर वाटू लागते. सही पत्नीची असली, तरी आपल्याकडे घर पुष्कळदा मामांच्या किंवा थोरल्या दिरांच्या तोंडाकडे पाहते, म्हणून त्यांना खोलीबाहेर ठेवून घेतलेली संमती तासाभरात मोडू शकते.

मामा विचारतात, “डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईल म्हणतात, ते?” ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, पण ती खोडून काढण्याची ही जागा नव्हे. संमतिपत्रात कोणते अवयव द्यायचे ते लिहिता येते, म्हणून डोळे वगळता येतील एवढे सांगणे पुरे. त्याच वेळी अप्रिय तपशीलही सांगितलेच पाहिजेत: शस्त्रक्रिया सुरू व्हायला रात्र उलटेल, अपघाताचे प्रकरण असल्याने पोलिसांचे सोपस्कार आणि शवविच्छेदन होईल, देह टाके घालून परत मिळेल, अवयवांसाठी पैसे मिळणार नाहीत, आणि ते कोणाला द्यायचे हे कुटुंब नव्हे, तर विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षायादीनुसार ठरवील.