मध्यस्थ फक्त स्थळं सांगायचे का?

“मध्यस्थ फक्त स्थळं सांगायचे. आता ॲपवर हजारो स्थळं दिसतात, म्हणजे त्यांचं काम संपलंच.”

स्थळ कळणं ही फक्त सुरुवात असायची. खरं कसब होतं चौकशीत आणि नकार पोचवण्यात. जपानमधल्या ‘नाकोदो’ या लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचंच पाहा. तो आधी दोन्हीकडे फोटो आणि माहितीपत्रक पोचवायचा, मग भेट ठरवायचा. भेटीनंतर दोन्ही घरं आपलं उत्तर एकमेकांना नव्हे, त्याला कळवायची. नकार असेल तर तो सौम्य शब्दांत पुढे जाई आणि कोणाचाच मान दुखावत नसे. मला तरी यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तिथल्या आजच्या अनेक विवाहसेवांमध्ये हीच रीत आहे. भेटीनंतर दोघं आपापल्या सल्लागाराला उत्तर देतात. दोन्ही होकार आले तरच संपर्क क्रमांक मिळतात. पूर्वीच्या चौकशीच्या जागी अविवाहित असल्याचा सरकारी दाखला मागतात. लग्न ठरल्यावर वेगळं शुल्कही अनेक ठिकाणी असतं.

पडताळायचं असेल तर कोणत्याही सेवेचे नियम वाचा: कागदपत्रं कोण तपासतं, नकार कोण कळवतं, पैसे कधी द्यायचे? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘तुमचं तुम्ही पाहा’ असेल, तर ती नुसती यादी आहे.