हेकिन-आशी: सरासरीला ‘क्लोज’ म्हटल्याचा घोळ

हेकिन-आशी हा भावाच्या चार्टचा एक प्रकार. जपानीत ‘हेकिन’ म्हणजे सरासरी आणि ‘आशी’ म्हणजे पाय. तिथल्या चार्टवाल्यांच्या बोलीत मात्र ‘आशी’ म्हणजे चार्टवरची एक कॅण्डल. म्हणजे नावातच सांगून ठेवलंय की ही सरासरीची कॅण्डल आहे, भावाची नव्हे. ओसाकाच्या तांदूळ बाजारापासून सुरू होणारी कॅण्डलस्टिकची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, ती इथे पुन्हा सांगत नाही. हेकिन-आशी इंग्रजी वाचकांपर्यंत ठळकपणे पोचली ती 2004 साली, एका ट्रेडिंग मासिकातल्या लेखातून. पुढे बहुतेक चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये तिचं बटण आलं आणि घोळ सुरू झाला तो तिथून.

O, H, L, C म्हणजे दिवसाचे खरे ओपन, हाय, लो आणि क्लोज. सूत्रं एवढीच:

```
HA Close = (O + H + L + C) / 4
HA Open  = (मागचा HA Open + मागचा HA Close) / 2
HA High  = max(H, HA Open, HA Close)
HA Low   = min(L, HA Open, HA Close)
```

सगळी गंमत दुसऱ्या ओळीत आहे. आजचा ओपन कालच्या कॅण्डलच्या बरोबर मध्यावर बसतो, आणि कालचा ओपन परवाच्या मध्यावर बसलेला असतो. ही साखळी उलगडली तर आजच्या ओपनमध्ये कालच्या सरासरीचा अर्धा वाटा निघतो, परवाचा पाव, तेरवाचा एक अष्टमांश. थोडक्यात, तो मागच्या दिवसांचा एक्स्पोनेन्शियल मूव्हिंग ॲव्हरेजच आहे. कॅण्डल हिरवी की लाल हे ठरतं आजची सरासरी या साठलेल्या सरासरीच्या वर आहे की खाली, यावर. चढत्या बाजारात एखादा दिवस पडला तरी तेवढ्याने आजची सरासरी सहसा मागच्या साठ्याखाली जात नाही, म्हणून रंग बदलत नाही. गोंगाट गाळला जातो तो असा. त्याची किंमत म्हणजे खरं वळणही उशिरा दिसतं.

माझ्या मते मूळ चूक पहिल्या ओळीच्या नावात आहे. चार भावांच्या सरासरीला ‘क्लोज’ म्हणायला नको होतं. यावर एक नेहमीचा प्रतिवाद असतो: आपल्याकडे शेअरचा अधिकृत बंद भाव तरी शेवटच्या सौद्याचा कुठे असतो? बहुतेक शेअर्ससाठी गेली अनेक वर्षं तोही शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरीच राहिला आहे. मुद्दा बरोबर, पण अर्धाच. ती सरासरी प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांची आहे, उलाढालीच्या वजनाने काढलेली. हेकिन-आशीच्या सरासरीत सकाळी सव्वानऊचा भाव आणि दुपारचा बंद भाव एकाच तागडीत बसतात, आणि त्या आकड्याला त्या क्षणी सौदा झालेला असेलच असं नाही.

एक काल्पनिक शेअर घेऊ. कालच्या हेकिन-आशी कॅण्डलचा ओपन 480, क्लोज 500. आज खरा भाव 506 ला उघडला, 510 पर्यंत गेला, 494 पर्यंत घसरला आणि 496 ला बंद झाला. साध्या चार्टवर ही लाल कॅण्डल आहे, नीचांकाला जवळजवळ चिकटून बंद झालेली. हेकिन-आशीत ओपन येतो 490, क्लोज 501.5, म्हणजे ठसठशीत हिरवी कॅण्डल. नीचांक पडतो 490, त्यामुळे खालची वातच उरत नाही, आणि पुस्तकं हिला ‘दमदार तेजी’ म्हणतात. खरा बंद भाव साडेपाच रुपये खाली आहे, आणि 490 ला तर दिवसभरात एकही सौदा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी शेअर गॅपने 478 ला उघडतो, 484 आणि 474 च्या मध्ये फिरतो, 480 ला बंद होतो. हेकिन-आशीची लाल कॅण्डल मात्र 495.75 पासून 479 पर्यंत सलग उतरते. गॅप गायब. चार्ट पाहणाऱ्याला वाटतं, 490 चा स्टॉपलॉस वाटेत लागला असता. प्रत्यक्षात 484 च्या वर बाजार आलाच नाही; मार्केट ऑर्डरचा स्टॉप 478 च्या आसपास सुटला असता.

बॅकटेस्टमध्ये हाच फरक दर सौद्यात जमा होत जातो. स्ट्रॅटेजी थेट हेकिन-आशी चार्टवर चालवली की खरेदी-विक्री या नसलेल्या भावांना झाल्याची नोंद होते आणि नफ्याची रेषा संशय येण्याइतकी सरळ वर जाते. अशा ‘नव्वद टक्के अचूक’ जाहिरातींचा सुळसुळाट झाल्यावर एका लोकप्रिय प्लॅटफॉर्मने `fill_orders_on_standard_ohlc` नावाचा पर्याय दिला. तो लावला की सिग्नल हेकिन-आशीचा राहतो, पण सौदा खऱ्या भावाला धरला जातो. तोच टेस्ट या पर्यायासह आणि त्याशिवाय चालवावा; नफा कोसळला तर तो चार्टच्या सरासरीतून आलेला होता.


रोजच्या वापरात तपासणी याहून सोपी आहे. चार्टच्या उजव्या कडेचा शेवटचा आकडा वॉचलिस्टमधल्या भावाशी ताडून पाहायचा. दोन्ही जुळत नसतील तर कडेचा आकडा HA Close आहे, आणि त्यावरून लिमिट ऑर्डर टाकायची नाही.