आयर्नची काळी संडास आणि मेलेना: एकाच पेशंटच्या दोन वेगळ्या गोष्टी

दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या केस स्टडीत मला हे वाक्य सापडतंच: ‘ब्लॅक स्टूल, पेशंट ऑन आयर्न.’ पुढे पूर्णविराम, जणू प्रश्न मिटला. यंदाही चार वह्यांत होतं, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

पेप्टिक अल्सर तुम्हाला पाठ आहे. गॅस्ट्रिक अल्सर जेवल्यावर दुखतो, ड्युओडेनल जेवल्यावर शमतो आणि रात्री उठवतो, हा तक्ता परीक्षेत दोन मार्क देतो. वॉर्डात तो फारसा उपयोगी पडत नाही, कारण डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिनने झालेला अल्सर पुष्कळदा दुखतच नाही आणि पहिली खबर रक्तच देतं. तेव्हा तक्ता बाजूला ठेवून थेट काळ्या संडासाकडे येऊ.

आयर्नची संडास काळपट-हिरवट असते. तिला नेहमीसारखा आकार असतो, बऱ्याचदा ती कडकही होते, वास नेहमीचाच, आणि पाणी टाकलं की निघून जाते. मेलेना म्हणजे पचनमार्गाच्या वरच्या भागातून सुटलेलं रक्त. आतड्यातून जाताना ते काही तासांत पचून काळं होतं, म्हणून ती ओल्या डांबरासारखी चकाकते, बेडपॅनला चिकटते आणि पाणी ओतूनही भांड्याच्या कडेला काळी रेघ राहते. तिचा वास एकदा घेतला की विसरत नाही, पडद्याबाहेरूनच कळतो. एवढं व्हायला फार रक्त लागत नाही, साधारण ५० ते १०० मि.ली. पुरतं. शंका असेल तर थोडी संडास ओल्या पांढऱ्या गॉजवर पुसा. आयर्नचा डाग हिरवट उमटतो, मेलेनाचा लालसर-तपकिरी. पण गॉज हिरवट दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि स्वतः न पाहता ‘काळी’ एवढंच लिहू नका. रंग सांगायला नातेवाईकही पुरतात. चिकटपणा आणि वास तुम्हीच टिपायचा असतो.

गोंधळ नेमका इथे होतो, त्यालाही कारण आहे. अल्सरमधून महिनोन्‌महिने थोडं थोडं रक्त जातं, पेशंट पांढराफटक पडतो, कुणीतरी हिमोग्लोबिन कमी बघून आयर्न सुरू करतं. म्हणजे ज्याला आयर्न चालू आहे, रक्तस्रावाची शक्यताही त्यालाच जास्त. तरी आपण आयर्न हे कारण म्हणून लिहितो आणि हात झटकतो. एच. पायलोरीच्या उपचारात बिस्मथ असेल तर त्यानेही संडास काळी होते, म्हणजे अल्सरचं औषधच अल्सरची खूण झाकतं.

आमच्या वॉर्डातलं उदाहरण सांगते. बासष्ट वर्षांचे शेतकरी काका, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी रोज दोनदा, वर्षभर. अशक्तपणा म्हणून दाखल, आयर्न चालू. दुपारच्या नोटमध्ये तेच लाडकं वाक्य. संध्याकाळी पाहिलं तेव्हा झोपून पल्स ९६, बीपी ११८/७६, म्हणजे वरवर सगळं ठीक. सावकाश बसवलं तर पल्स १२४, बीपी ९२/६०, आणि काका म्हणाले, “ताई, डोळ्यापुढं अंधारी आली.” लगेच झोपवलं. हिमोग्लोबिन ९.४ आलं. त्यावर एक जण म्हणाला, ‘फार काही कमी नाही.’ ही दुसरी चूक. रक्त जातं तेव्हा पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही एकत्र जातात, म्हणून पहिल्या काही तासांत आकडा खरं बोलत नाही. शरीराने आणि सलाईनने रक्त पातळ केल्यावर तो खाली येतो. काकांचं सकाळी ६.६ झालं. आधीचा पुरावा मात्र रिपोर्टमध्येच होता: युरिया ७८, क्रिएटिनिन १.०. वरच्या भागात सांडलेलं रक्त आतडं प्रथिनासारखं पचवतं, म्हणून युरिया एकटा चढतो. आयर्नच्या गोळीने तसं होत नाही. पल्सच्या बाबतीत मात्र सावध: बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची पल्स रक्त जात असतानाही संथ राहू शकते.

पुढचं भराभर. तोंडाने काही नाही, दोन्ही हातांना १८ नंबरचा किंवा त्याहून जाड व्हेनफ्लॉन, ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅच, दर तासाला लघवीचं माप. रक्त साधारण हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं की देतात, हृदयविकार असेल तर थोडं आधी. काकांना दोन बॅगा दिल्या. पॅन्टोप्राझोल ८० मि.ग्रॅ. बोलस, चोवीस तासांच्या आत एन्डोस्कोपी. ड्युओडेनमच्या सुरुवातीलाच अल्सर आणि त्यात उघडी रक्तवाहिनी होती. क्लिप लावली, मग पॅन्टोप्राझोल तासाला ८ मि.ग्रॅ. असं ७२ तास. राईल्स ट्यूबमधून बर्फाचं सलाईन सोडणं आता कृपा करून थांबवा. पेशंट गार पडतो, रक्त थांबत नाही. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडही सवयीने मागू नका. २०२० च्या हॉल्ट-इट अभ्यासात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांमध्ये गुठळ्या मात्र वाढल्या.

जाता जाता, ‘कॉफी ग्राउंड’ उलटी. आपल्याकडे किती जणांनी कॉफीचा चोथा पाहिलाय? पेशंट सांगतो ‘चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी’. तेच ते.

तिसऱ्या दिवशी काकांना पुन्हा काळी संडास झाली आणि विद्यार्थिनी धावत आली. यावेळी घाबरायचं कारण नव्हतं. पल्स ८२, बीपी स्थिर, हिमोग्लोबिन जागेवर. रक्त थांबलं तरी आतड्यात उरलेलं बाहेर पडायला दोन-तीन दिवस लागतात. पल्स चढली असती, ताजी लाल उलटी झाली असती किंवा हिमोग्लोबिन दोनने पडलं असतं, तर तो पुन्हा सुरू झालेला रक्तस्राव. म्हणजे मेलेना ओळखल्यावरही प्रश्न उरतोच: हे आजचं रक्त की परवाचं? त्याचं उत्तर संडासात नाही, चार्टवर आहे.

आहाराचा आग्रह मला पटत नाही. दूध प्यायल्याने घटकाभर बरं वाटतं, पण ते नंतर अ‍ॅसिड वाढवतं. मिरचीने अल्सर होत नाही. वॉरेन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये एच. पायलोरी हा अल्सरचा जंतू शोधला, २००५ मध्ये नोबेल मिळालं, तरी आपल्या डिस्चार्ज कार्डावर अजून ‘तिखट वर्ज्य, दूध भरपूर’ छापलेलं असतं. ज्याने त्रास होतो ते टाळा, बाकी नेहमीची भाजी-भाकरी खाऊ द्या. बंद करायची ती गुडघेदुखीची गोळी, विडी आणि दारू. पॅन्टोप्राझोलची गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी. न्याहारीनंतर घेतली तर ती नीट काम करत नाही.

घरी जाताना आयर्न पुन्हा सुरू झालं, म्हणजे संडास काळीच होणार. काकूंना वेगवेगळे रंग समजावण्यात अर्थ नव्हता. त्या ऐकून म्हणाल्या, “म्हंजे पाणी ओतूनबी भांड्याला चिकटली आन् वास मारला, तर यायचं.” मी पुढे जोडलं, “आणि उठताना अंधारी आली, तर संडास कशीही असो, यायचं.”